चॅनलचा ट्रेलर शॉर्ट बनवताय? मग या चुका टाळा

जळगावात मी एडिटिंगची कामं घेतो. यूट्यूबवर रेसिपीचं नवीन चॅनल काढलेले लोक ट्रेलर घेऊन येतात आणि दर दुसऱ्याची सुरुवात तीच, आधी फिरणारा लोगो, मग "नमस्कार मंडळी, माझ्या चॅनलवर तुमचं सहर्ष स्वागत". अरे भाऊ, शॉर्ट बघणाऱ्याचा अंगठा आधीच स्क्रीनवर असतो, तुमचं स्वागत संपेपर्यंत तो दोन व्हिडिओ पुढे गेलेला असतो.

चोपड्याच्या एका वहिनींचं सांगतो. हाताला चव अशी की शेवभाजीचा रस्सा नुसता प्यावा. ट्रेलर ५५ सेकंदांचा, त्यात पहिले ९ सेकंद लोगो आणि नमस्कार, मग "मी तुम्हाला सगळ्या प्रकारच्या रेसिपी दाखवणार आहे", शेवटी तीनदा सबस्क्राइब करा. व्ह्यूज बरे दिसत होते म्हणून त्या खूश होत्या, पण मार्च २०२५ च्या शेवटापासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरला जातो, त्यामुळे त्या आकड्यावर जाऊ नका. यूट्यूब स्टुडिओत किती जण थांबले आणि किती जण पुढे सरकले ते बघायचं. आम्ही बघितलं तर निम्म्याहून जास्त लोक लोगोवरच पळालेले.

पण माझ्या मते खरी चूक लोगोची नव्हतीच, "सगळ्या प्रकारच्या रेसिपी" ही होती. सगळ्या प्रकारच्या रेसिपी तर सगळेच दाखवतात, मग नवीन माणसाने तुम्हालाच का धरून राहायचं? मी वहिनींना विचारलं, तुम्हाला रेसिपीसाठी फोन कोणाचे येतात? म्हणे पुण्याला राहणाऱ्या नणंदेचे, भाचीचे, "फ्लॅटमध्ये वांगं भाजायला कपाशीच्या काड्या कुठून आणू, भरताला तो वास येतच नाही". झालं, चॅनल कोणासाठी आहे ते सापडलं! गाव सोडून गॅसवर स्वयंपाक करणारी खान्देशी माणसं.

मग नवीन ट्रेलर ३० सेकंदांचा केला. पहिले ३ सेकंद कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, साल सोलतानाचा क्लोजअप, वाफ, काड्यांचा तडतड आवाज, आणि वहिनींचा प्रश्न, "फ्लॅटमध्ये काड्या नाहीत, मग हा वास कुठून आणायचा?" पुढचे १२ सेकंद उत्तर, गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत पातेल्यात, मधे वाटीत पेटता कोळसा, त्यावर तेलाचे दोन थेंब, आणि धूर दिसताच झाकण. मग ८ सेकंदांत शेवभाजी, कळण्याची भाकरी, फौजदारी डाळ, प्रत्येकाचा एकेकच शॉट. शेवटच्या ७ सेकंदांत वहिनींचा चेहरा आणि एकच वाक्य, "दर गुरुवारी एक खान्देशी पदार्थ, तुमच्या गॅसवर, काळ्या मसाल्याचं माप चमच्यात सांगून." काय, कधी आणि कोणासाठी, तिन्ही त्यात आलं. सबस्क्राइब एकदाच म्हणायचं, तेही या वाक्यानंतर.

यात कोळशाचं उत्तर पूर्ण दाखवलंय ते मुद्दाम. बरेच जण ट्रेलरमध्ये नुसतं "सिक्रेट पुढच्या व्हिडिओत" म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही, एक गोष्ट खरी शिकवली की माणूस दुसरीसाठी थांबतो.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. स्क्रीनच्या खाली टायटल आणि चॅनलचं नाव येतं, उजवीकडे लाइकची बटणं, तिथे अक्षरं टाकली की झाकली जातात, म्हणून मी मजकूर मधल्या भागातच ठेवतो. सिनेमाचं गाणं लावू नका, कॉपीराइटचा क्लेम येतो, आणि फोडणीचा आवाज असताना गाणं हवंय कशाला? शॉर्टच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक ऑगस्ट २०२३ नंतर दाबली जातच नाही, तरी लोक पूर्ण रेसिपीची लिंक तिथेच टाकतात, त्यासाठी स्टुडिओत त्या शॉर्टच्या सेटिंगमध्ये Related video निवडा.

आणि एक, शॉर्ट टाकला म्हणजे तो आपोआप चॅनलचा ट्रेलर होत नाही. स्टुडिओत Customization मध्ये जाऊन, सबस्क्राइब न केलेल्यांसाठीचा ट्रेलर म्हणून व्हिडिओ वेगळा निवडावा लागतो. मी त्यासाठी आडवी कॉपीही काढून ठेवतो, कारण चॅनलच्या पानावर उभ्या व्हिडिओच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. म्हणून शूटच्या वेळीच फोन थोडा लांब धरायचा, वांगं मधोमध ठेवायचं, म्हणजे एकाच शॉटमधून दोन्ही कापता येतात.

ट्रेलर आधी टाकून व्हिडिओ नंतर बनवू, ही घाई तर करूच नका. वहिनींना मी चार पूर्ण रेसिपी अपलोड होईपर्यंत थांबवलं, त्या चिडल्या होत्या थोड्या, पण ट्रेलर बघून आलेल्या माणसाला भरताचा, शेवभाजीचा पूर्ण व्हिडिओ तिथे दिसला पाहिजे ना.