सराव प्रश्नपत्रिका खऱ्या परीक्षेच्या तोडीची आहे का, हे कसे ओळखावे : गट-ब संयुक्त पूर्व परीक्षेच्या निमित्ताने

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या टेबलावर दोन-तीन सराव प्रश्नसंच असतातच, आणि मोबाइलवर एखादी टेस्ट सिरीजही चालू असते. मी शासकीय सेवेत आल्यानंतर सुटीच्या दिवशी धुळ्यातील एका अभ्यासिकेत नव्या विद्यार्थ्यांबरोबर बसतो. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : "दादा, टेस्टमध्ये सत्तरच्या वर गुण पडतात, मग पूर्व परीक्षा निघेल ना?" ते सत्तर गुण कोणत्या प्रकारच्या प्रश्नपत्रिकेवर पडले, हे तपासल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. ती तपासणी कशी करावी, एवढेच येथे लिहितो आहे. उदाहरणासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची अराजपत्रित गट-ब संयुक्त पूर्व परीक्षा घेतली आहे, कारण आपल्याकडील बरीच मुले तिच्यापासूनच सुरुवात करतात.

या परीक्षेत १०० प्रश्न, १०० गुण आणि एक तास वेळ असतो, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद मिळतात. चुकीच्या उत्तरामागे एक चतुर्थांश गुण वजा होतो. ही वजावट पूर्वी एक तृतीयांश होती. त्यामुळे एखाद्या पुस्तकातील सूचनांमध्ये अजूनही एक तृतीयांश छापलेले असेल, तर ती आवृत्ती जुनी आहे आणि फक्त मुखपृष्ठ नवे आहे असे समजावे. दुकानात उभ्याउभ्या करता येण्यासारखी ही पहिली तपासणी आहे.

खरा फरक मात्र प्रश्नांच्या घडणीत असतो. "फैजपूर काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष कोण होते?" असा प्रश्न सराव पुस्तकात हमखास सापडतो आणि यावल तालुक्यातल्या कोणत्याही मुलाला पंडित नेहरू हे उत्तर पाठ असते. त्याच घटनेवर आयोगाच्या धर्तीचा प्रश्न कसा होईल, हे दाखवण्यासाठी मी एक नमुना तयार केला आहे :

"१९३६ च्या फैजपूर अधिवेशनाबाबत खालील विधाने विचारात घ्या. (अ) हे ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते. (ब) त्याचे अध्यक्षस्थान जवाहरलाल नेहरू यांनी भूषविले. (क) ते प्रांतिक कायदेमंडळांच्या निवडणुकांचे निकाल लागल्यानंतर भरले. वरीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत? पर्याय : (१) फक्त अ आणि ब (२) फक्त ब आणि क (३) फक्त अ आणि क (४) वरील सर्व."

उत्तर पहिला पर्याय आहे, कारण अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये भरले आणि निवडणुकांचे निकाल १९३७ मध्ये आले. पहिल्या प्रश्नाला जी एक माहिती पुरत होती, ती दुसऱ्या प्रश्नात फक्त 'ब' हे विधान सोडवते आणि तिच्या आधारे केवळ तिसरा पर्याय बाद होतो. उरलेल्या तिघांत अंदाज बांधायचा तर वजावटीची जोखीम येते. शिवाय पहिला प्रश्न पाच सेकंदांत वाचून होतो, तर दुसरा नुसता समजून घ्यायलाच वीसएक सेकंद लागतात. तापीला डाव्या तीरावरून मिळणाऱ्या नद्या ओळखणे आणि पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा यांचा पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रम लावणे, यांतही हेच अंतर आहे. म्हणून 'कठीण' आणि 'सोपे' हे शब्द बाजूला ठेवून, कोणत्या घडणीचे प्रश्न किती आहेत, हे आधी मोजावे लागते.

मोजण्यासाठी माप आयोगाकडूनच घ्यावे. झालेल्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर mpsc.gov.in येथे मिळतात. आधी पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती मागवल्या जातात, मग सुधारित तालिका प्रसिद्ध होते आणि तिच्यात काही प्रश्न रद्द झालेले किंवा काही उत्तरे बदललेली असू शकतात. गुण मोजताना नेहमी अंतिम तालिका घ्यावी आणि प्रश्नपुस्तिकेचा संच ए, बी, सी, डी यांपैकी कोणता आहे हे पाहून त्याच स्तंभातील उत्तरे लावावीत. संच चुकला की सगळे गणितच बिघडते, आणि असे होताना मी वारंवार पाहिले आहे. दोन अलीकडच्या मूळ प्रश्नपत्रिका अजिबात न पाहता बंद पाकिटात ठेवून द्याव्यात, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. एकदा प्रश्न डोळ्यांखालून गेले की ती प्रश्नपत्रिका अभ्यासाला उपयोगी पडते, पण मापाला उपयोगी पडत नाही. हेच कारण सराव पुस्तकांनाही लागू होते : अनेक प्रकाशक मागील वर्षांचे प्रश्न जसेच्या तसे मिसळतात. विद्यार्थ्याने ते आधी सोडवलेले असल्यामुळे त्याचे गुण फुगतात. म्हणून सराव चाचणी तपासताना आधी पाहिलेल्या प्रश्नांपुढे खूण करावी आणि ते प्रश्न हिशेबातून वगळून टक्केवारी काढावी.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. अमळनेरकडची एक विद्यार्थिनी नियमितपणे एका टेस्ट सिरीजचे पेपर सोडवत होती. तिने सिरीजमधला एक नवा पेपर आणि पाकिटातली एक मूळ प्रश्नपत्रिका असे दोन्ही पेपर एकाच आठवड्यात, सकाळच्या एकाच वेळी, कागदावर, घड्याळ लावून सोडवले. सराव पेपरमध्ये तिने ९० प्रश्न सोडवले, त्यांतले ७६ बरोबर आणि १४ चूक, म्हणजे वजावटीनंतर ७२.५ गुण. मूळ पेपरमध्ये ७८ सोडवले, ५२ बरोबर, २६ चूक, म्हणजे ४५.५ गुण. सत्तावीस गुणांचा हा फरक पाहून ती खचली आणि सिरीज 'फारच सोपी' आहे असा निष्कर्ष काढून मोकळी झाली. आम्ही मात्र दोन्ही पेपरांतील प्रश्न तीन गटांत विभागून पाहिले : एका ओळीचे थेट प्रश्न, विधाने, जोड्या व क्रम यांचे प्रश्न, आणि अंकगणित-बुद्धिमत्ता.

सराव पेपरमध्ये थेट प्रश्न ७५ होते, तर मूळ पेपरमध्ये ३५. विधाने-जोड्या-क्रमाचे प्रश्न सरावात अवघे १०, तर मूळ पेपरमध्ये ५०. गणिताचे दोन्हीकडे १५. थेट प्रश्नांत तिने सरावात ७२ पैकी ६४ आणि मूळ पेपरात ३३ पैकी २८ बरोबर सोडवले होते, म्हणजे अचूकता जवळपास सारखीच. विधानांच्या प्रश्नांत सरावात ७ पैकी ४ आणि मूळ पेपरात ३७ पैकी २०, म्हणजे तेथेही प्रमाण निम्म्याच्या थोडे वरच. याचा अर्थ असा की सिरीजमधला एकेक प्रश्न हलका नव्हता. ज्या प्रकारात ती कच्ची होती, तो प्रकार सिरीजमध्ये फार थोडा होता, आणि म्हणून तिचा कच्चेपणा एकूण गुणांत दिसत नव्हता. सात प्रश्नांवरून ठाम बोलता येत नाही, हे खरेच आहे. त्यामुळे तिने सिरीजच्या आणखी काही पेपरांतील फक्त विधानांचे प्रश्न एकत्र करून पुन्हा सोडवले. प्रमाण फारसे बदलले नाही, तेव्हाच आम्ही हा निष्कर्ष मान्य केला.

गणितात चित्र वेगळे दिसले. सरावात तिने ११ प्रश्न सोडवून ८ बरोबर आणले होते, मूळ पेपरात ८ सोडवून ४. येथे प्रश्न अवघड होते की वेळ संपला होता, हे एकूण गुणांवरून कळत नाही. त्यासाठी साधी परीक्षा अशी : राहिलेली आणि चुकलेली गणिते दुसऱ्या दिवशी घड्याळ न लावता, उत्तर न पाहता पुन्हा सोडवावीत. तिने तसे केले आणि त्यांतली बहुतेक गणिते बरोबर आली. म्हणजे गणित येत होते, पण लांब विधाने वाचण्यात आधीच वेळ गेला होता आणि शेवटी घाईघाईत चुका झाल्या होत्या. उलट घड्याळ काढूनही गणिते आली नसती, तर मूळ पेपरची काठिण्यपातळीच सिरीजपेक्षा वरची आहे असे म्हणावे लागले असते. पेपर एकदा वेळेत आणि एकदा वेळेशिवाय सोडवला की वेळेचा दोष आणि ज्ञानाचा दोष वेगळे करता येतात, आणि सराव साहित्याच्या परीक्षणात मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते.

माध्यमाचा फरकही हिशेबात धरावा लागतो. मोबाइलवर पर्यायावर बोट ठेवले की उत्तर नोंदले जाते. आयोगाच्या परीक्षेत छापील पुस्तिका असते, प्रश्न मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात, आणि उत्तरपत्रिकेवर बॉलपेनने गोल भरावे लागतात. एका गोलाला तीन सेकंद धरले तरी नव्वद प्रश्नांना साडेचार मिनिटे जातात, आणि भरलेला गोल बदलता येत नाही. म्हणून मोबाइलवरच्या चाचणीचे गुण कागदावरच्या गुणांशी थेट ताडू नयेत. टेस्ट सिरीजचा पेपर छापून घेता येत असेल तर छापावा, स्टेशनरीच्या दुकानातून कोऱ्या ओएमआर पत्रिका आणाव्यात, आणि गोल भरण्याचा वेळ त्या एका तासातच धरावा.

उत्तरतालिका तपासण्यासाठी मी पुस्तकातले इतिहास, भूगोल व विज्ञानाचे वीसएक प्रश्न कुठूनही निवडतो आणि त्यांची उत्तरे शालेय पाठ्यपुस्तकांत शोधतो. एखाद-दुसरी चूक समजण्यासारखी आहे, कारण आयोगालाही हरकतींनंतर उत्तरे बदलावी लागतात. पण तीन-चार उत्तरे चुकीची निघाली, किंवा स्पष्टीकरणाच्या जागी बरोबर पर्यायच पुन्हा लिहिलेला असला, तर त्या पुस्तकावर मिळालेल्या गुणांना मापाची किंमत देऊ नये. टेस्ट सिरीज दाखवते त्या क्रमांकाचेही तसेच आहे. तो क्रमांक फक्त त्या सिरीजचे पैसे भरून त्या दिवशी पेपर सोडवणाऱ्यांमधला असतो. त्यावरून कटऑफचा अंदाज बांधता येत नाही.

त्या विद्यार्थिनीने सिरीज सोडली नाही, आणि मलाही तिने ती सोडावी असे वाटले नाही. तिने सिरीजमधून विधाने, जोड्या आणि क्रमाचे प्रश्न तेवढे निवडले. एका पेपरचे असे दहा प्रश्न, याप्रमाणे पाच पेपरांचे पन्नास प्रश्न जमवून, त्यांत पस्तीस थेट प्रश्न आणि पंधरा गणिते घालून ती स्वतःच्या हाताने शंभर प्रश्नांचा पेपर तयार करते आणि तो ओएमआर पत्रिकेवर एका तासात सोडवते. पाकिटातली दुसरी मूळ प्रश्नपत्रिका तिने अजून उघडलेली नाही. ती परीक्षेच्या तीन आठवडे आधी उघडायची आणि हाताने केलेल्या पेपरांच्या गुणांशी तिन्ही गटांत ताडून पाहायची, असे ठरले आहे. दोन्हींतला फरक पाच-सात गुणांच्या आत राहिला तर तिच्या पेपरांची घडण योग्य आहे असे धरू, आणि त्याहून जास्त आला तर तो कोणत्या गटात आला ते पाहून उरलेल्या तीन आठवड्यांत त्याच गटाचे प्रश्न वाढवू.