फोटोवरून सायकलचा पार्ट ओळखताय? या चुका टाळा

दर रविवारी नाशिकच्या त्र्यंबक रोडवरून सायकलवाली मंडळी परत आली की दहा-साडेदहाला माझा फोन वाजायला लागतो. फोटो येतो, खाली एकच ओळ: "काका, हे काय आहे? ऑर्डर करायचंय." फोटोत निम्मा टायर, एक बूट आणि मागे अंजनेरीचा डोंगर. अंजनेरी छान दिसते. पार्ट दिसत नाही.

यातली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या बघून "कॅसेट आहे" असं ठोकून देणं. बाजूने फोटो काढला तर कॅसेट आणि फ्रीव्हील सख्खे भाऊ दिसतात. फरक आत असतो. फ्रीव्हीलमध्ये उलटं फिरताना टकटक करणारी यंत्रणा चकत्यांच्याच पोटात असते आणि तो अख्खा गोळा चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. कॅसेटमध्ये ती यंत्रणा हबला जोडलेली असते. चकत्या नुसत्या खाचांवर सरकवतात आणि बाहेरून लॉकरिंग आवळतात. म्हणजे एकाच्या जागी दुसरं बसवायचं तर चाकाचा हबच बदलावा लागतो. आपल्याकडच्या २१ गिअरच्या साध्या सायकलींना बहुतेक वेळा मागे सात चकत्यांचं फ्रीव्हीलच असतं. तरी विचारणारा प्रत्येक जण कॅसेटच म्हणतो, कारण ऑनलाइन विकणारेही फ्रीव्हीलच्या फोटोखाली बिनदिक्कत "कॅसेट" लिहितात.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. मखमलाबादकडच्या एका पोराचं नुकसान माझ्यामुळे झालंय. त्याची चेन चढावर सटकत होती. रात्री नऊला फोटो आला, चाक सायकलवरच, मधल्या भागावर अ‍ॅक्सलचा नट आणि फ्रेमची पट्टी. मी जेवत होतो. चकत्या काळ्या, सायकल चकाचक, म्हणून एका हाताने टाइप केलं, "कॅसेट दिसतेय." पोरगं उतावळं, मी त्याहून उतावळा. त्याने त्याच रात्री १२ ते २८ दातांची सात चकत्यांची कॅसेट मागवली आणि लॉकरिंग खोलायचा पानाही.

पाना आला, पण बसेना. शिमानो कंपनीच्या फ्रीव्हीलचा पाना आणि कॅसेटचा पाना, दोघांनाही बाराच खाचा. पण कॅसेटचा पाना दुसऱ्यापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. अर्धा मिलिमीटर फोटोत कुणालाच दिसत नाही, शेजारी पट्टी ठेवली तरी नाही. इथे थांबायचं, तर याने पाना कानशीने घासला, हातोडीने ठोकला आणि वर पाइप लावून जोर केला. फ्रीव्हीलच्या आतल्या खाचा गुळगुळीत झाल्या. आता योग्य पाना आणला तरी धरणार कशाला?

तो चाक घेऊन सिडकोत माझ्या घरी आला तेव्हा एकच मार्ग उरला होता: फ्रीव्हील जागेवरच फोडणं. लहान चकतीच्या आत एक चपटी रिंग असते आणि तिला दोन बारीक भोकं असतात. तिचे आटे उलटे, म्हणजे ती घड्याळाच्या दिशेने सुटते. पंचने ठोकून ती काढली, चकत्या उचलल्या आणि छर्रे अख्ख्या ओट्यावर पसरले. काही अजून पायाला टोचतात. मग उरलेला आतला गाभा व्हाइसमध्ये करकचून धरला, चाक वर, आणि रिम स्टिअरिंगसारखी दोन्ही हातांनी घड्याळाच्या उलट दिशेने ओढली. तिसऱ्या हिसक्याला सुटलं. आटे कोरडे ठणठणीत होते, कंपनीतून निघाल्यापासून ग्रीसचा थेंब नसावा. त्यात आपण पायडल मारतो तसतसं फ्रीव्हील आणखी आवळलं जातं. नवीन १४ ते २८ दातांचं फ्रीव्हील आट्यांना ग्रीस लावून बसवलं, चेनही बदलली. कॅसेटचा डबा त्याने उघडला होता, म्हणून दुकानदाराने परत घेतला नाही.

तेव्हापासून माझी सवय एकच. फोटो नको, दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठव. चाक सायकलवरून काढ, चकत्यांच्या बाजूचा नट किंवा क्विक रिलीज काढून ठेव, बाल्कनीच्या उजेडात कॅमेरा अगदी समोरून मधल्या खाचांवर धर. मग चाक एका हाताने रोखून चकत्या उलट्या फिरव. चकत्यांबरोबर खाचाही फिरल्या, तर त्या लॉकरिंगच्या आहेत आणि ती कॅसेट आहे. चकत्या फिरताहेत आणि खाचा जागच्या जागी, तर फ्रीव्हील. एवढं केलं की माझं मत विचारायचीही गरज उरत नाही. लोकांना मात्र चाक काढायचा कंटाळा येतो. चाक काढायला कंटाळणाऱ्याने चकत्या बदलायच्या गोष्टी करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

फोटोच असेल तर मी दोन खुणा बघतो. सगळ्यांत बाहेरच्या रिंगवर "लॉक" या अर्थाची अक्षरं आणि बाण कोरलेला असेल, तर ती कॅसेट. ती दोन बारीक भोकं दिसली, तर फ्रीव्हील. लहान चकतीचे दातही बोलतात: ११ किंवा १२ असतील तर जवळजवळ नक्की कॅसेट, १४ असतील तर बहुधा फ्रीव्हील. पण अपवाद दोन्हीकडे आहेत, म्हणून नुसत्या दातांवर पैसे लावू नका. आणि दात फोटोवरून मोजूच नका. एका दाताला खडूची खूण करून प्रत्यक्ष मोजा.

नशीब असेल तर चकतीवर कोडच सापडतो. घासलेल्या ब्रशने तेलाचा थर काढा. शिमानोचा कोड MF ने सुरू झाला, जसा MF-TZ500, तर फ्रीव्हील. CS ने, जसा CS-HG200-7, तर कॅसेट.

मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पार्ट, त्याबद्दल एवढंच: "एसआयएस गिअर आहे" हे मॉडेलचं नाव नाही. ते शिमानोच्या इंडेक्स पद्धतीचं, म्हणजे एका क्लिकला एक गिअर बदलण्याच्या पद्धतीचं नाव आहे, अनेक डिरेलरवर छापलेलं असतं. RD ने सुरू होणारा कोड बहुधा मागच्या, चाकाकडच्या बाजूला असतो. फोन तिकडे घाला आणि फ्लॅश लावा. समोरून काढलेले पाच फोटो मला नकोत.

डिस्क ब्रेकला लोक ब्रेकच्या चकतीचा फोटो पाठवतात. ती चकती काहीच सांगत नाही, तिला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या कॅलिपरपाशी जाणारी वायर बघा. शेवटी उघडी तार दिसून एका हलणाऱ्या दांडीला आवळलेली असेल, तर केबलवाला. काळी नळी थेट कॅलिपरच्या पोटात शिरत असेल, तर हायड्रॉलिक. आणि हायड्रॉलिक असेल तर त्यात मिनरल ऑइल आहे की डॉट फ्लुइड, हे कॅलिपरच्या फोटोवरून ठरवू नका. चुकीचं तेल आतली रबरं फुगवतं. हँडलवरच्या लिव्हरच्या झाकणावर बरेचदा लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढा.