सिंगल स्लिट की डबल स्लिट? ऑप्टिक्सच्या गणितात मी कुठे चुकायचो

इंटरफरन्स आणि डिफ्रॅक्शनचे फॉर्म्युले मला सगळे पाठ होते, तरी पेपरमध्ये दर वेळी एखादं गणित चुकायचंच. मग एकदा जुने पेपर काढून फक्त या टॉपिकचे प्रश्न एका वहीत उतरवले, तेव्हा दिसलं की आकडे बदलतात पण प्रश्न फिरून फिरून तेच येतात आणि माझी चूकसुद्धा दर वेळी एकाच जागी होते.

ती जागा म्हणजे nλ. डबल स्लिटमध्ये d sinθ = nλ लिहिलं की तिथे उजेड असतो आणि सिंगल स्लिटमध्ये a sinθ = nλ लिहिलं की तिथे अंधार. दिसायला फॉर्म्युला एकच, अर्थ बरोब्बर उलटा. मी "पाथ डिफरन्स nλ म्हणजे ब्राइट" एवढंच डोक्यात ठेवलेलं, त्यामुळे सिंगल स्लिटच्या मिनिमाला बिनधास्त (2n+1)λ/2 लावायचो.

हे पाठ करून लक्षात राहत नाही, त्यामागचं कारण समजलं की राहतं. d हे दोन स्लिटमधलं अंतर आहे, तिथे दोनच लाटा भेटतात, फरक पूर्ण λ असेल तर जुळतात. a मात्र एकाच स्लिटची रुंदी आहे, म्हणजे a sinθ हा वरच्या काठाच्या आणि खालच्या काठाच्या किरणातला फरक, आणि मधे अख्खी स्लिट भरून किरण आहेत. हा फरक λ झाला की स्लिटचे मनात दोन भाग करा, वरच्या भागातल्या प्रत्येक किरणाला खालच्या भागात λ/2 ने मागे असलेला जोडीदार मिळतो, सगळे एकमेकांना मारतात, अंधार. "पहिल्या मिनिमाला काठावरच्या आणि मधल्या किरणात फेज डिफरन्स किती" हा जुन्या पेपरातला प्रश्न इथूनच येतो, काठापासून मध्यापर्यंत λ/2 म्हणून उत्तर π. बरेच जण 2π लिहून येतात, ते दोन काठांमधलं आहे.

आता एक गणित नीट बघू. सिंगल स्लिट, पहिला मिनिमा 30° वर, पहिला सेकंडरी मॅक्सिमा कुठे? मिनिमा आहे म्हणून a sin30° = λ, म्हणजे a = 2λ. पहिल्या सेकंडरी मॅक्सिमाला a sinθ = 3λ/2, म्हणून sinθ = 3/4, θ साधारण 48.6°. मी पहिल्यांदा 45° काढलेलं, कारण कोनच दीडपट केला! sinθ ≈ θ हे लहान कोनालाच चालतं, 30° दिसला की ते विसरायचं आणि sin तसाच ठेवायचा. (अगदी काटेकोर बघितलं तर तो मॅक्सिमा 1.5λ वर नसून 1.43λ च्या आसपास असतो, पण पेपरात 3λ/2 च धरतात.) प्रश्नात वेव्हलेंथ दिलेली असली तरी इथे लागत नाही, ती कटून जाते.

दुसरी ठेच भाषेची. λ 600 nm, स्लिट 1 mm, पडदा 2 m वर, "सेंट्रल ब्राइटच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या डार्कमधलं अंतर" विचारलंय. λD/a काढलं की 1.2 mm येतं आणि ऑप्शनमध्ये 1.2 mm असतंच, पण ते मध्यापासून एका बाजूचं झालं. दोन्ही बाजू म्हणजे 2λD/a, उत्तर 2.4 mm. "दोन्ही बाजू" किंवा "सेंट्रल मॅक्सिमाची रुंदी" दिसलं की मी आधी पेन्सिलने 2 लिहून ठेवतो आणि मगच आकडे घालतो.

आणि जिथे a आणि d दोन्ही येतात ते गणित बघून घाबरू नका. स्लिटमधलं अंतर 1 mm, सिंगल स्लिटच्या सेंट्रल मॅक्सिमात डबल स्लिटच्या 10 फ्रिंजेस बसवायच्यात, तर a किती? एका फ्रिंजची रुंदी λD/d, सेंट्रलची 2λD/a, म्हणून 10λD/d = 2λD/a, λ आणि D दोन्ही उडाले, a = d/5 = 0.2 mm. मात्र फ्रिंजेस खरंच मोजायला बसलात तर 9 च दिसतील, कारण d = 5a असल्यामुळे दोन्ही बाजूंची पाचवी ब्राइट फ्रिंज नेमकी सिंगल स्लिटच्या मिनिमावर पडते आणि गायब होते. त्यामुळे प्रश्नात "10 मॅक्सिमा बसतात" असं असेल तर वरची रीत, आणि d = 5a देऊन "किती दिसतील" विचारलं असेल तर 9.