निवड शिबिराच्या रजेचा अर्ज : या चुका टाळा

उंच उडी मारणाऱ्या आमच्या एका मुलीचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावरून दोनदा परत आला. मुलगी गुणी, शिबिराच्या यादीत नाव, प्राचार्यही खेळाडूंना सोडायला नेहमी तयार. तरीही दोनदा परत. क्रीडा विभागात बसून असे अर्ज मी वर्षानुवर्षे पुढे पाठवतो आहे. अर्ज अडतो तो खेळापायी नव्हे, त्यातल्या तारखा आणि मागणी धड नसते म्हणून.

तिचा पहिला अर्ज दोन ओळींचा होता : "माझी निवड शिबिरासाठी निवड झाली आहे. तरी ११ ते २० या काळात रजा मिळावी." प्राचार्यांनी समासात लाल पेनने लिहिलं, "पत्र कुठे? प्रात्यक्षिकाचं काय?" पत्र म्हणून तिने मोबाईलवर आलेल्या यादीच्या फोटोची प्रिंट जोडली होती. तिच्यावर ना संघटनेचं शीर्षक, ना तारीख, ना सही. असा कागद कुणीही तयार करू शकतो, म्हणून कार्यालय तो धरत नाही. संघटनेच्या लेटरहेडवरचं, जावक क्रमांक, तारीख आणि सही असलेलं पत्र हवं. नावांची यादी वेगळ्या पानावर असेल तर ते पानही जोडा आणि आपल्या नावाखाली रेघ मारा. यादीतलं नाव महाविद्यालयाच्या नोंदीपेक्षा वेगळं छापलं असेल, म्हणजे आडनाव गळालं असेल किंवा स्पेलिंग बदललं असेल, तर अर्जात तसं एका वाक्यात सांगा. नाहीतर ही मुलगी तीच कशावरून, असा प्रश्न येतोच.

पत्र हातात यायला उशीर होतो, हेही खरं. कधी कधी शिबिराच्या चार दिवस आधी येतं. म्हणून अर्ज थांबवून ठेवू नका. आलेला निरोप सांगून अर्ज द्या, "मूळ पत्र हाती येताच सादर करीन" असं लिहा आणि मग ते खरंच आणून द्या.

दुसऱ्या वेळी अर्ज अडला तो तारखांवर. शिबीर ११ ते २० असलं तरी पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की १० तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत हजर व्हायचं. क्रीडा विभागाच्या शिफारशीत आम्ही १० ते २० लिहिलं, तिने ११ ते २०. दोन कागदांवर दोन तारखा दिसल्यावर कार्यालयाने दोन्ही परत पाठवले. आणि खरं पाहता दोन्ही चूकच होत्या, कारण परतीचा प्रवास कुणीच धरला नव्हता. ती ९ तारखेला, रविवारी रात्री निघणार होती. शिबीर २० ला संध्याकाळी संपणार आणि ती २१ ला दुपारी घरी पोहोचणार. म्हणजे वर्गात गैरहजेरी १० ते २१. एकूण १२ दिवस, त्यातला १६ तारखेचा रविवार वजा जाता ११ कामाचे दिवस. अर्जात हा आकडा लिहायचा, शिबिराच्या दिवसांचा नाही.

आता मागणी. "रजा मिळावी" एवढंच लिहिलं की गैरहजेरीला परवानगी मिळते, पण हजेरीपटावर ती गैरहजेरीच राहते. हे मुलांच्या लक्षात सत्राच्या शेवटी येतं आणि तेव्हा धावपळ होते. या मुलीच्या एका विषयाचे सत्रात ६० तास होते. आधीच्या स्पर्धांमुळे ८ बुडाले होते, शिबिरात आणखी ९ बुडणार होते. उरले ४३, म्हणजे जवळपास ७२ टक्के. जिथे ७५ टक्क्यांची अट आहे तिथे ती परीक्षेला अडकली असती. तेच ९ तास हजेरीत धरले तर ५२, म्हणजे ८६ टक्क्यांच्या वर. म्हणून "हा काळ क्रीडा कर्तव्य म्हणून हजेरीत धरावा" हे शब्द अर्जातच हवेत. तुमच्या संस्थेत अशी सवलत किती दिवसांपर्यंत मिळते, हे अर्ज लिहिण्याआधी क्रीडा विभागाला विचारा.

परीक्षेबाबत उलट चूक होते. मुलं "परीक्षेतून सूट मिळावी" असं लिहितात. सूट देणं प्राचार्यांच्याही हातात सहसा नसतं. वेगळी तारीख देणं मात्र अनेकदा शक्य असतं, आणि ती तारीख तुम्हीच शोधून आणली तर होकार सोपा होतो. तिचं प्रात्यक्षिक १८ ला होतं, दुसऱ्या तुकडीचं २४ ला. ती आधी विषयाच्या बाईंना भेटली, त्यांचा होकार घेतला आणि मगच अर्जात तसं लिहिलं.

तिसरा अर्ज असा होता :

प्रति,
मा. प्राचार्य
मार्फत : क्रीडा विभागप्रमुख

विषय : निवड शिबिरासाठी दि. १० ते २१ या काळात अनुपस्थित राहण्याची परवानगी मिळणे व तो काळ हजेरीत धरणेबाबत.

महोदय,
मी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून उंच उडीच्या निवड शिबिरासाठी माझी निवड झाली आहे. शिबीर दि. ११ ते २० असून दि. १० रोजी हजर व्हायचे आहे. परतीचा प्रवास धरून मी दि. १० ते २१ (११ कामाचे दिवस) अनुपस्थित राहीन व दि. २२ रोजी वर्गात हजर होईन. हा काळ क्रीडा कर्तव्य म्हणून हजेरीत धरावा, ही विनंती.
दि. १८ चे प्रात्यक्षिक दि. २४ रोजी दुसऱ्या तुकडीबरोबर देण्यास विषय शिक्षिकांनी संमती दिली आहे. त्यास आपली मंजुरी मिळावी.
शिबिरातून आधी मुक्त केल्यास परतल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी हजर होईन. पुढील संघात निवड झाल्यास त्यासाठी स्वतंत्र अर्ज करीन.
आपली विश्वासू,
(सही, वर्ग, हजेरी क्रमांक, मोबाईल)

सोबत : शिबिराचे पत्र व नावांची यादी.

यातलं "आधी मुक्त केल्यास" हे वाक्य मुलं लिहायला कचरतात. तसं करू नका. अनेक शिबिरांत मधेच चाचणी होऊन काही खेळाडूंना परत पाठवतात. ते आधीच लिहिलेलं असलं की लवकर परतलेल्या मुलाला खोटी रजा घेतल्याचा संशय सोसावा लागत नाही. पुढच्या स्पर्धेची रजा मात्र याच अर्जात मागू नका. निवड व्हायच्या आधी ती कुणी मंजूर करणार नाही, आणि तिच्यापायी हा अर्जही रेंगाळतो.

एकच अर्ज, तोही क्रीडा विभागामार्फत द्या. प्राचार्यांना एक आणि आम्हाला दुसरा असे दोन मजकूर केले की तारखांचा घोळ पुन्हा होतो. आम्ही शिफारशीचा शेरा मारून पुढे पाठवतो. तुमच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. मंजुरी आली की तिची झेरॉक्स प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना द्या, कारण हजेरीपट त्यांच्याकडे असतो, प्राचार्यांकडे नाही.

शिबीर सोडण्याआधी प्रशिक्षकांकडून उपस्थितीचं प्रमाणपत्र घ्या. त्यावर पहिला आणि शेवटचा दिवस, दोन्ही तारखा आहेत ना, ते तिथेच पाहा. घरी आल्यावर ते मागवायला महिना जातो. या मुलीने २२ तारखेला सकाळी पहिल्या तासाआधीच ते आमच्या टेबलावर ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत तिचे अकराही दिवस हजेरीत लागले.