केबल जोडली की बफर थरथरायचा

१ मेगाहर्ट्झ ऑप-अँपचा साधा बफर. आउटपुटला १० नॅनोफॅरडची लांब केबल लावली की स्क्वेअर वेव्हच्या कडेवर बराच वेळ लाटा उठायच्या. क्लोज्ड लूपचा आलेख बघत बसलो, तिथेच चुकलो. बघायचा लूप गेन, म्हणजे फीडबॅकच्या एका फेरीत सिग्नलला मिळणारा गेन.

तो ३८० किलोहर्ट्झला ० डीबी होत होता, आणि तिथे फेज −१६८ अंश. म्हणजे −१८० पर्यंत उरलेलं अंतर, फेज मार्जिन, जेमतेम १२ अंश. फेज −१८० होते तिथे गेन −६.७ डीबी, म्हणून गेन मार्जिन ६.७, एवढ्यावरच मी निर्धास्त होतो!

आउटपुटचा १०० ओहम रोध आणि केबल मिळून १५९ किलोहर्ट्झला फेज मागे खेचणारा पोल बनत होता. फीडबॅक ऑप-अँपच्या पायावरूनच ठेवून केबलआधी ४७ ओहम टाकला. ३३९ किलोहर्ट्झला फेज परत पुढे आणणारा झीरो आला, मार्जिन ५३ अंशांवर गेलं. लोडने करंट ओढला तर मात्र त्या ४७ ओहमवर व्होल्टेज पडतं.