आर्टिकलशिपचा पहिला दिवस: आदल्या रात्रीपासूनची तयारी

सोनू, सोमवारी तू फोर्टातल्या सीए ऑफिसात रुजू होणार, म्हणून लिहून ठेवतेय. पास, आधार-पॅनच्या झेरॉक्स आणि कॅल्क्युलेटर रात्रीच बॅगेत टाक. डोंबिवलीहून नेहमीच्या लोकलच्या आधीची गाडी धर. एक छोटी वही घे आणि तिच्या पहिल्याच पानावर दोन वर्षं शेजारीशेजारी लिही: कमाईचं आर्थिक वर्ष आणि त्याच्या पुढचं असेसमेंट इयर. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला नव्या आयकर कायद्यात एकच 'टॅक्स इयर' आहे, पण त्याआधीच्या वर्षांची कामं याच जोडीनं चालतात.

माझ्या वहीत हे पान नव्हतं. सप्टेंबर २०२४ होता, १५ तारखेच्या ॲडव्हान्स टॅक्सची गडबड. टेबलावर फायलींचे ढीग, फोन थांबत नव्हते. सरांनी एका क्लायंटचं चलन बनवायला सांगितलं. कमाई २०२४-२५ ची, म्हणून असेसमेंट इयरच्या खान्यातही मी २०२४-२५ निवडलं. हवं होतं २०२५-२६. विचारायचं मनात आलं होतं, पण सर फोनवर होते आणि मला धीर झाला नाही. चलन क्लायंटकडे गेलं, तासाभरात त्यांनी पैसेही भरले.

म्हणून चलन पाठवण्याआधी पॅन, वर्ष, कराचा प्रकार आणि रक्कम या चार गोष्टी हिशेबाच्या कागदावर बोट ठेवून वाच. अडलीस तर सरांचा फोन संपेपर्यंत उभी राहा. पैसे भरण्याआधी चूक दिसली तर काहीच बिघडत नाही, नवं चलन बनवायचं आणि जुनं न भरता सोडून द्यायचं.

भरल्यानंतरची पावती मात्र लगेच उतरवून घे आणि वर्ष पुन्हा जुळव. मला चूक तिथेच दिसली. हातपाय गार पडले. पैसे सरकारकडे पोचले होते, पण मागच्या वर्षाच्या खात्यात. या वर्षाचा हप्ता न भरल्यासारखा दिसला असता आणि महिन्याला १ टक्का व्याज लागलं असतं. मी पावती घेऊन सरांसमोर गेले आणि म्हटलं, "सर, वर्ष चुकलंय."

त्यांनी पावती पाहिली. "आजच कळलं ना? वर्ष बदलायला सात दिवस असतात." क्लायंटच्या लॉगिनमधून 'चलन करेक्शन'ची विनंती टाकायची, आणि ती पक्की करायला ओटीपी क्लायंटच्याच मोबाइलवर जातो. म्हणून फोन करावा लागला. तो सरांनी मलाच करायला लावला. काय चुकलं, काय करतोय, ओटीपी कशासाठी हवा, हे तीन वाक्यांत आधी वहीत लिहून घेतलं, मगच नंबर फिरवला. तूही असंच कर.

डबा मी सव्वाचारला उघडला. आमटीभात पार आंबूस झाला होता. तू चपाती आणि कोरडी भाजीच ने.