वास गेला, चव गेली? या चुका टाळा

कोविड किंवा साधा सर्दी-ताप उतरला, पण आमटी बेचव लागते, म्हणून लोक जिभेवर इलाज सुरू करतात. पहिली गल्लत इथेच होते. चिमूटभर मीठ, साखर, लिंबाचा थेंब आणि कारल्याची फोड वेगवेगळी चाखून बघा. खारट, गोड, आंबट, कडू कळत असेल तर जीभ ठीक आहे. गोडा मसाला, कोथिंबीर, तूप यांची ओळख चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासातून पटते, आणि बंद पडलाय तो वास.

बाम हुंगून खात्री करू नका. त्याचा झणका वेगळ्या नसेतून जाणवतो, त्यामुळे वास पूर्ण गेलेल्यालाही तो लागतो.

बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परततो. ज्यांचा रेंगाळतो त्यांच्यासाठी जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे वास-संशोधक थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये वासाचा सराव मांडला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार बाटल्यांत कापसावर एकेकाच्या सुगंधी तेलाचे थेंब टाका. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली साधारण 15-20 सेकंद हुंगा आणि तो वास मनात आठवा. जोरात ओढू नका, हलके हुंगणं पुरतं. किमान 12 आठवडे करायचं असतं. लोक मात्र दोन आठवड्यांत कंटाळून सोडतात. वासाच्या पेशी नव्याने तयार होऊन मेंदूशी जोडल्या जायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त घाबरवणारा टप्पा बहुधा पुढेच येतो. समजा, दोन महिने काहीच वास येत नव्हता, आणि तिसऱ्या महिन्यात एकदम कांदा-लसणाची फोडणी जळक्या रबरासारखी यायला लागली. कॉफी नकोशी, अंडं सडकं. घरचे म्हणतात, आजार उलटला. खरं तर नव्या पेशींची जोडणी अर्धवट असताना असं होतं. म्हणजे काहीतरी परत सुरू झालंय. सराव इथे थांबवू नका, थांबवा ती कांद्याची फोडणी. गरम पदार्थाची वाफ त्रास देते, म्हणून दहीभात, काकडीची कोशिंबीर, फळं असं गार खा. जेवण टाळून वजन घटवणं ही या टप्प्यातली मोठी चूक. हा विपर्यास काही महिने टिकू शकतो, आणि सुधारणा वर्षानंतरही होत राहते.

मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. जस्ताचे नाकातले फवारे तर मुळीच नकोत. अमेरिकेत 2009 मध्ये अशा काही उत्पादनांबाबत वास जाण्याचा इशारा दिला गेला होता.

एकाच नाकपुडीचा वास गेला, नाकातून रक्त येतं, डोक्याला मार लागला होता किंवा आजाराशिवायच वास गेला, तर सरावाची वाट न बघता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. तोवर शिळ्या भाजीच्या डब्यावर तारीख लिहा, रात्री रेग्युलेटर बंद करा आणि शक्य असेल तर गॅस गळतीचा अलार्म बसवा. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम घातलेला उग्र वास तुम्हाला येणार नाही.